पाचव्या प्रकरणातली उरलेली टीप

...तर ते भिंग. काल तिथंच थांबलो होतो ना? पितळी कडीचं, मुठीला सुतळी गुंडाळलेलं. बद्रीनाथ मास्तर ते डोळ्याला लावायचे तेव्हा त्यांचा उजवा डोळा बैलाच्या डोळ्याएवढा दिसायचा, आणि आम्ही छापखान्यातले लोक तोंडात रुमाल कोंबून हसायचो. मास्तरांना ते कळायचं. म्हणायचे, "हसा लेकहो. चूक माझ्या डोळ्यातून सुटली तर चहा माझ्याकडून." आणि खरं सांगतो, सात वर्षांत त्यांना चहा पाजावा लागला तो दोनदा. त्यातला एक तर आम्ही फसवून घेतला होता.

मास्तर मूळचे कुठल्याशा खेड्यातल्या शाळेवर होते. निजामाच्या अखेरच्या धामधुमीत शाळा बंद पडली, आणि ते जालन्यात येऊन आमच्या छापखान्यात मुद्रितशोधक झाले. मी तिथं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो. माझं शिक्षण गावच्या शाळेत चार यत्ता, पण उलटी अक्षरं मला सुलट्यापेक्षा जल्दी वाचता यायची. तेव्हा जालना जिल्हा नव्हता बरं का, आमचं सगळं औरंगाबादेत मोडायचं. साल सत्तावन्न.

त्या साली कुंभार पिंपळगाव, घनसावंगी अशा गोदावरीकडच्या चार-सहा गावांतली मंडळी एक जुनं पुस्तक घेऊन आली. म्हणजे पुस्तक न्हाई, पुस्तकाचे फोटो. तीसेक वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका शिक्षकानं गावोगाव फिरून छपन्नाच्या, म्हणजे संवत एकोणीसशे छपन्नाच्या, इंग्रजी अठराशे नव्व्याण्णवच्या दुष्काळाची हकिगत गोळा केली होती. कोण उपाशी मेलं, कोण गाव सोडून गेलं, कुणी कुणाला काय दिलं, सारं नावानिशी. लेखक वारला, प्रती वाळवीनं खाल्ल्या. एकच प्रत हैदराबादेतल्या एका ग्रंथालयात उरली होती, आणि ते लोक पुस्तक दाराबाहेर नेऊ देत नव्हते. मंग त्या गावांनी मिळून काढलेल्या मंडळाचे अध्यक्ष मदनलाल शेठ यांनी तिथल्या एका फोटोवाल्याला गाठलं आणि सगळ्या पानांचे फोटो काढून आणले. एका फोटोत समोरासमोरची दोन पानं. त्यावरून आम्ही नवी आवृत्ती छापायची.

आता यात एक मेख होती. त्या पुस्तकाला टिपा होत्या. वाक्याच्या शेवटी वर बारीक अंक, आणि त्या अंकाची टीप पार पुस्तकाच्या शेवटी. प्रत्येक प्रकरणाचे अंक पुन्हा एकपासून सुरू. मदनलाल शेठ म्हणाले, "मास्तर, आमची माणसं मागची पानं उलटीत न्हाईत. टीप त्याच पानाच्या बुडाशी आली पाहिजे."

"येईल की," मास्तर म्हणाले. "पण मंग एकूणएक टीप आपल्या वाक्याला नेऊन पोचवावी लागेल. लेकी सासरी घालण्यासारखं काम आहे शेठजी. घर चुकलं तर जन्माचं वाटोळं."

आम्ही हसलो. शेठजी सगळ्यांत जास्त हसले.

मास्तरांची पद्धत सांगतो. आधी मागच्या पानांचे फोटो घेऊन प्रत्येक टीप एका चिठ्ठीवर उतरवायची. चिठ्ठीच्या कोपऱ्यात प्रकरण आणि अंक. मंग पुढच्या पानांचे फोटो भिंगाखाली धरून अंक शोधायचा, त्याला तांबड्या पेन्सिलीनं गोल करायचा, आणि त्या अंकाची चिठ्ठी तिथं टाचणीनं टोचायची. पण टोचण्याआधी मास्तर दोन्ही मोठ्यानं वाचायचे, आधी वाक्य, मंग टीप. "टीप वाक्याशी बोलली पाहिजे कचरू," ते मला म्हणायचे. "नुसता आकडा जुळून भागत न्हाई. बोलली न्हाई तर समज परक्याच्या घरी आली." वाक्यात लग्नाचं आणि टिपेत बैलाचं आलं की थांबायचे, मागं जायचे, पुन्हा पाहायचे. चार प्रकरणं अशीच झाली. एक टीप चुकली न्हाई.

पाचवं प्रकरण आलं आणि फोटो बिघडले. त्या दिवशी आभाळ आलं असावं, नाहीतर फोटोवाल्याचा हात हलला असावा. मजकूर वाचता येत होता, पण वरचे बारीक अंक मुंगीएवढे काळे ठिपके झाले होते. इथं काहीतरी अंक आहे एवढं कळायचं. चार आहे का चौदा ते कळायचं न्हाई. म्हणजे ठिपके ओळीनं मोजत जायचं आणि त्याच क्रमानं चिठ्ठ्या टोचायच्या, एवढंच हाती उरलं. त्यात जुनी बांधणी ठिसूळ, म्हणून फोटोवाल्यानं पुस्तक पुरतं दाबून उघडलं नव्हतं. दोन पानांच्या मधल्या घळीत अंधार. डाव्या पानाच्या ओळींची शेवटची अक्षरं त्या अंधारात जाऊन बसलेली.

आणि नेमका त्याच आठवड्यात मदनलाल शेठ भर बाजारात मास्तरांना भेटले. "प्रकाशनाचा दिवस ठरला मास्तर. पिंपळगावला मांडव पडणार. पाचवं प्रकरण कधी?"

आजूबाजूला दहा माणसं. मास्तर म्हणाले, "सोमवारी."

का म्हणाले? आठ दिवसांचं काम होतं, आणि दिवस होता शुक्रवार. पण मास्तरांना दहा माणसांत "जमणार न्हाई" म्हणता येत नसे. माणूस चांगला, पण ही एक गाठ होती त्यांच्यात.

सोमवारी प्रकरण आलं. चिठ्ठ्या टोचलेल्या, तांबडे गोल काढलेले, सगळं साफ. मी जुळवायला बसलो. शेवटच्या फोटोपाशी आलो तर एकाच टाचणीला दोन चिठ्ठ्या, बावीस आणि तेवीस.

"मास्तर, हे काय? एका वाक्याला दोन टिपा?"

त्यांनी भिंग पुसलं. बराच वेळ पुसलं. "लेखकाची हौस," म्हणाले. "वाचून पाह्य, तेवीसची बराबर बसते."

पाहिलं. बसत होती. मी जुळवली.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगायला मला आजही जड जातं. खिळे जुळवणारा माणूस अक्षरं पाहतो, अर्थ पाहत न्हाई, असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. खोटं आहे. त्याच प्रकरणात सरकारी छावणीवरच्या एका मुकादमाचं वाक्य होतं, आणि त्याच्याखाली टीप होती की यांनी कुणाकडून कर्जाचा कागद लिहून घेतला नाही, पुढल्या वर्षी लोकांनी आपण होऊन पेव भरून दिलं. माझा हात खिळ्यांच्या खणाच्या पेटीवर, म्हणजे केसवर, थांबला होता. छावणीत पेव? खडी फोडायच्या छावणीत जमिनीत धान्य साठवायचा खड्डा कुठून आला? मी ते वाचलं होतं. मला खटकलं होतं. आणि मी पुढचा खिळा उचलला.

नव्या छपाईत टिपांचे अंक प्रत्येक पानावर नव्यानं सुरू केले होते. जुने अंक गेले. म्हणजे कोणती टीप मूळची कितवी, हे आता पुस्तक पाहून कुणालाच कळायचं न्हाई.

पिंपळगावला मांडव पडला. पेढे वाटले. मास्तरांच्या गळ्यात हार घातला, आणि मदनलाल शेठनी माइकवरून सांगितलं की या पुस्तकात चूक दाखवील त्याला मास्तर चहा पाजतील. मास्तर लाजले. मला वाटलं, कौतुकानं लाजले.

मंग तीनेक आठवड्यांनी एक म्हातारी छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली. डोक्यावरून पदर, हातात कापडात बांधलेलं पुस्तक, सोबत नातसून. पिंपळगावच्या लाडबाई. मारवाडी घर, पण तीन पिढ्या गावात, बोलणं आमच्यासारखंच. किराणा आणि धान्याचं दुकान. दुष्काळात ज्यांनी आपलं पेव गावासाठी उघडलं ते हुकमचंद म्हणजे त्यांचे सासरे. पुस्तकात त्यांचं वाक्य होतं.

मास्तर उठून दारापाशी गेले. "या बाई, आत बसा."

"इथंच बरं. मला वाचता येत न्हाई मास्तर. ही माझी उषा वाचून दावते. उषा, ते वाच."

उषाबाईनं वाचलं, "'हुकमचंद यांनी या काळात आपले पेव गावासाठी उघडले.' आणि खाली टीप आहे." ती थांबली.

"वाच की. गावानं वाचलं, तू का लाजतीस?"

"'यांचे माप खोटे होते. गावातील तिघांनी सांगितले. लेखकाने शहानिशा केली.'"

छापखान्यातलं यंत्र चालू होतं. कुणीतरी ते बंद केलं.

"बाजारच्या दिवशी कडूबा आल्ता दुकानात," लाडबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं आमच्याकडून जवारी नेतो. ह्या वेळेला बगलेत आपलं घरचं माप, पायली, घेऊन आला. म्हने, 'काकी, राग नका मानू, पुस्तकात आलंय म्हनून.' मागचे चौघं हसले. पुढल्या बाजाराला सात पायल्या आल्या. आता मी दुकानावर बसत न्हाई."

मास्तर उंबऱ्यातच खाली टेकले.

"मी नवी नवरी होते तवा. नऊ वर्साची. पेव उघडलं तवा आत आधी दिवा सोडला होता, आतली हवा वाईट असती म्हनून. मी काठावर बसून पाहिला. मामंजींनी माप हातातच घेतलं न्हाई मास्तर. जो आला त्यानं आपल्या हातानं भरून नेलं. ज्यानं मापच धरलं न्हाई त्याचं माप खोटं कसं?" मंग म्हणाल्या, "आनि त्याच्या खाली मुकादमाचं आहे. त्याला लोकांनी पेव भरून दिलं म्हने. छावनीत पेव असतं का मास्तर?"

मी खिळ्यांच्या केसमागं उभा होतो. अक्षरओळख नसलेल्या बाईनं नुसतं ऐकून जे धरलं, ते मी डोळ्यांनी वाचून सोडलं होतं.

मास्तर म्हणाले, "लेखकानं जसं लिहिलं, तसं आम्ही छापलं."

लाडबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. पुस्तक कापडात बांधलं. "मंग तो लेखकच खोटा म्हनायचा," म्हणाल्या, आणि नातसुनेचा हात धरून उतरल्या.

त्या दिवशी मास्तरांनी एकही प्रूफ तपासलं न्हाई. दुसऱ्या दिवशी आलेच न्हाईत. मी त्यांच्या घरी गेलो. दारात त्यांची बायको, साळूबाई. "या कचरूभाऊ," म्हणाल्या. "तुमचे मास्तर कालपासून चिठ्ठ्या खेळून राह्यले. जेवायला बोलावलं तर म्हनतात, टीप बोलत न्हाई. म्हटलं, मी तरी बोलते ना?"

आत सतरंजीवर पाचव्या प्रकरणाचे सगळे फोटो मांडलेले. चिठ्ठ्या उपटून बाजूला लावलेल्या. मास्तरांनी वर पाहिलं न्हाई. म्हणाले, "बस. मी वाक्य वाचतो, तू टीप वाच."

वाचत गेलो. पहिल्या आठ टिपा बोलत होत्या. नववी होती, 'ही विहीर आजही आहे, पाणी मचूळ.' ती टोचली होती ती गुरं विकायच्या वाक्याला. दहावी गुरांच्या दराची, ती टोचलेली देवळाच्या वाक्याला. अशीच प्रत्येक टीप एक घर पुढं सरकलेली. पण बऱ्याच टिपा अशा की कुठंही खपाव्यात. 'हे गाव आता उठून गेले आहे.' 'सदर कागद आता मिळत नाही.' पलीकडच्या गावच्या एका दुकानदाराबद्दल वाक्य होतं, नाव न देता. मापाची ती टीप त्या दुकानदाराची. ती सरकून हुकमचंदांच्या वाक्याला आली. हुकमचंदांची कागद न घेतल्याची टीप मुकादमाला गेली.

"म्हंजे नऊच्या आधी एक ठिपका सुटला," मी म्हणालो.

"आठ आणि नऊच्या मधी विहिरीचं वाक्य कुठं आहे ते पाह्य."

सापडलं. 'सारे गाव एकाच विहिरीवर पाणी भरी.' डाव्या पानाच्या ओळीच्या अगदी शेवटाला. शेवटचं अक्षर घळीच्या अंधारात अर्धं बुडालेलं. त्याच्यापुढं अंक असेल तर अंधारातच. भिंग लावलं, फोटो उन्हात तिरपा धरला. काळं ते काळंच.

दुसऱ्या दिवशी मास्तर हैदराबादच्या गाडीत बसले. चार दिवसांनी परत आले. ग्रंथालयात खरं पुस्तक हातात घेऊन, घळ हलकेच बोटानं उघडून त्यांनी पाहिलं होतं. नऊ. तिथं तेवीसच्या तेवीस अंक जागच्या जागी होते, आणि आमच्या पुस्तकात त्यातल्या चौदा टिपा परक्या घरी.

मदनलाल शेठ छापखान्यात आले. ऐकून घेतलं आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "यात तुमचा काय कसूर? फोटोच खराब. शुद्धिपत्र छापू, 'मूळ छायाचित्रातील दोषामुळे' असं वर घालू. झालं."

मास्तर म्हणाले, "शुद्धिपत्र छापू. वरचं ते नको."

"का? खरंच आहे की ते."

"अर्धं आहे शेठजी."

मी शुद्धिपत्र जुळवलं. कोणत्या पानावरच्या कोणत्या वाक्याला कोणती टीप हवी, चौदा ओळी, आणि खाली 'मुद्रितशोधकाची चूक.' या दोन शब्दांना मी कधी नव्हे इतका वेळ लावला. जुळवलं तरी हात सोडवेना. साळूबाईंनी गव्हाच्या पिठाची खळ करून डबा भरून दिला. विकल्या गेलेल्या प्रती एकशे साठ. मास्तर म्हणाले, शुद्धिपत्रं टपालानं पाठवली तर लोक चुलीत घालतील. पुस्तकात माझ्या हातानं डकवणार. मी म्हणालो, मी येतो. त्यांनी विचारलं न्हाई का ते. मीही सांगितलं न्हाई.

पहिलं गाव पिंपळगावच धरलं. मोटारीनं घनसावंगी, पुढं बैलगाडी. तोही बाजाराचाच दिवस. लाडबाईंच्या दुकानासमोर आम्ही उतरलो तेव्हा गर्दी होती. लाडबाई आत दाराआड बसलेल्या, गादीवर नातू. कडूबा पायली बगलेत घेऊन उभा होताच. मास्तरांच्या हातात खळीचा डबा, माझ्या हातात शुद्धिपत्रांचं बंडल. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, चहा पाजायला आले का हो?"

हशा पिकला. मास्तर ओट्यावर चढले. त्यांनी शुद्धिपत्र मोठ्यानं वाचलं, चौदाच्या चौदा ओळी. हुकमचंदांची ओळ आली तेव्हा जास्त मोठ्यानं: "यांनी कोणाकडून कागद लिहून घेतला नाही. पुढील वर्षी लोकांनी आपण होऊन पेव भरून दिले."

कडूबानं पायली बगलेतून काढली, खाली ठेवली, मंग ती कुठं ठेवावी ते कळेना म्हणून पुन्हा उचलली आणि धोतराआड धरली. "काकी," म्हणाला, "माझा बाप बी भरायला गेल्ता म्हने पेव. घरात सांगत होता. मी इसरलो."

लाडबाई उठून उंबऱ्यात आल्या. पदर सावरला. "उषा, पुस्तक आन," म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्याच पुस्तकात पहिलं शुद्धिपत्र डकवलं. खळ बोटांवरून मनगटापर्यंत आली होती.

म्हातारीला कीव आली असावी. ती गावासमोर त्यांना वाट करून देत होती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. म्हणाली, "जाऊ द्या मास्तर. फोटोत अंधार होता. दिसलं न्हाई तुमाला. तेवढंच ना?"

मी मनात म्हणालो, मास्तर, हो म्हणा. खरंच, हो म्हणा, म्हणजे मीही सुटलो.

मास्तरांनी खळीचं बोट धोतराला पुसलं, आणि पहिल्यांदाच गावच्या बोलीत म्हणाले:

"न्हाई बाई, तेवढंच न्हाई. तेवीस चिठ्ठ्या होत्या आन् ठिपके बावीसच सापडले. एक चिठ्ठी माझ्या हातात उरली हुती, तवाच मला कळलं हुतं की कुठंतरी घर चुकलं. मागं जाऊन वाक्यं वाचायला पायजे हुती. सोमवार म्हनून सांगितलं हुतं मी, दहा माणसांत. म्हनून ती चिठ्ठी शेवटच्या टाचणीला लावली आन् गप बसलो. अंधार फोटोत हुता खरा, पर मला दिसलं हुतं."